लखोट्यातील मजकूर

रक्तदान करून घरी परतलेल्या माणसाला काही दिवसांनी रक्तपेढीकडून जे पत्र जाते, त्याच्याइतके अनपेक्षित पत्र वैद्यकीय व्यवहारात क्वचितच दुसरे असेल. कारण दवाखान्यात तपासणीसाठी गेलेला इसम काहीतरी दुखते म्हणून गेलेला असतो आणि अहवालाची वाट पाहत असतो, परंतु रक्तदाता स्वतःला पूर्ण निरोगी समजून, किंबहुना निरोगी असल्याच्या समाधानानेच, शिबिरात आलेला असतो, आणि आपल्या रक्तात काही आढळेल ही शंकाही त्याच्या मनाला शिवलेली नसते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रक्तपेढीत समाजसेवा अधिकारी या नात्याने मी दीर्घकाळ काम केले, आणि त्या काळात अशा पत्रांचे मसुदे करणे, ती पाठवणे आणि ती हातात धरून आलेल्या माणसांशी बोलणे हे माझ्या कामाचे नित्याचे अंग होते. त्या अनुभवातून एका पत्राविषयी, त्यामुळे जे घडले त्याविषयी आणि पुढे आम्ही जो मसुदा ठरवला त्याविषयी लिहावे, म्हणजे ज्या कोणाला असे पत्र लिहिण्याचा प्रसंग येईल त्याला त्याचा उपयोग होईल, असे वाटते.

दान केलेल्या प्रत्येक पिशवीतील रक्ताची पाच गोष्टींसाठी तपासणी करणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे: एच.आय.व्ही., कावीळ ‘बी’, कावीळ ‘सी’, उपदंश म्हणजे गरमी, आणि हिवताप. यांपैकी आमच्याकडे बहुधा आढळे ती कावीळ ‘बी’, जिला आपल्याकडे पुष्कळ लोक पांढरी कावीळ म्हणतात. हा विषाणू शरीरात असलेली माणसे बहुतेक वेळा ठणठणीत असतात. त्यांचे डोळे पिवळे नसतात, भूक उत्तम असते, आणि अनेकांना हा संसर्ग जन्माच्या वेळी आईकडून किंवा अगदी बालपणी झालेला असतो, कारण प्रौढ वयात हा विषाणू शिरला तर शरीर बहुधा त्याला घालवून देते, परंतु तान्ह्या बाळाच्या शरीरात शिरला तर तो प्रायः कायमचा वस्तीला राहतो. म्हणजे पंचविशीच्या एखाद्या तरुणाचे रक्त दोषी ठरले, तर त्यात त्याच्या वर्तनाचा काडीइतकाही संबंध नसण्याची शक्यता मोठी असते. आणि नेमके हेच त्याला, त्याच्या वडिलांना आणि त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना ठाऊक नसते.

मी तेथे रुजू झाले तेव्हा दफ्तरात एक छापील नमुना पूर्वापार चालत आलेला होता. त्यात नाव आणि तारीख तेवढी हाताने भरत, आणि मजकूर असा असे: ‘आपल्या रक्ताच्या तपासणीत दोष आढळून आल्यामुळे आपले रक्त नष्ट करण्यात आले आहे. तरी हे पत्र मिळताच आपण सात दिवसांच्या आत रक्तपेढीत समक्ष हजर राहावे. हजर न राहिल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी आपणावर राहील.’ हा मजकूर ज्यांनी रचला त्यांचा हेतू वाईट नव्हता. रोगाचे नाव लिहिले तर गावभर होईल म्हणून ते गाळायचे, आणि मनुष्य आलाच पाहिजे म्हणून शेवटी थोडा धाक घालायचा, असा त्यामागचा विचार होता. परंतु कचेरीची ही भाषा समन्साची होती, आणि समन्स मिळालेला माणूस प्रथम आपला गुन्हा कोणता असावा हे मनाशी ठरवू लागतो.

एका कारखान्यात फिटरचे काम करणाऱ्या तरुणाला, शिवजयंतीच्या शिबिरात रक्त दिल्यानंतर, असेच पत्र गेले होते. त्याचे लग्न ठरलेले होते. सरकारी शिक्क्याचा लखोटा दिसल्यावर तो त्याच्या काकांनी फोडला, वाचला, आणि एक अक्षर न बोलता त्याच्यापुढे ठेवला. रक्तातला दोष म्हटल्यावर त्या काळी, आणि पुष्कळ अंशी आजही, सामान्य माणसाच्या मनात एकच नाव उभे राहते. त्याच्याही मनात तेच राहिले. रक्तपेढीत जाऊन चारचौघांत ते ऐकण्याची त्याला भीती वाटली, म्हणून तो दूरच्या शहरातील एका खासगी प्रयोगशाळेत गेला, तेथे त्याने पदरचे पैसे भरून एच.आय.व्ही.ची तपासणी करून घेतली, आणि ती निर्दोष आल्याबरोबर रक्तपेढीची काहीतरी चूक झाली असा निष्कर्ष काढून तो स्वस्थ झाला. लग्न यथासांग पार पडले. पुढे पत्नीला दिवस गेल्यावर तिच्या नेहमीच्या तपासण्यांत कावीळ ‘बी’ आढळली, डॉक्टरांनी पतीचीही तपासणी करवली, आणि तेव्हा कुठे तो त्या जुन्या पत्राची घडी घेऊन माझ्यासमोर आला.

“मॅडम,” तो म्हणाला, “यात काविळीचं नाव असतं, तर मी त्याचीच तपासणी केली असती ना? मी तर तपासणी केली होती. मी टाळलं नव्हतं.”

पत्नीला संसर्ग त्याच्यापासून झाला की तिला तो आधीपासूनच होता, हे त्या अवस्थेत कोणालाही निश्चित सांगता येण्याजोगे नव्हते, आणि मी तसे त्याला स्पष्टपणे सांगितलेही. बाळाला जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत लसही मिळाली आणि तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही मिळाले, त्यामुळे त्याच्यापुरता धोका बराचसा टळला. परंतु लग्नापूर्वी त्या मुलीची एक साधी तपासणी झाली असती, आणि ती निर्दोष असती तर पहिली, मग एका महिन्याने आणि मग सहाव्या महिन्यात अशा लसीच्या तीन मात्रांनी तिचे संरक्षण करता आले असते. ही संधी त्या तीन ओळींच्या संदिग्धपणापायी गेली असेल, ही गोष्ट मला विसरता आलेली नाही. संदिग्ध पत्र माणसाला घाबरवते हे मी आधीपासून जाणत होते. ते त्याला चुकीच्या दाराशी नेऊन सोडते आणि तेथून समाधानाने परत पाठवते, हे मला या प्रसंगाने कळले.

मग रोगाचे नाव सरळ लिहून टाकावे की काय? प्रथम आमचाही कल तिकडेच होता. परंतु थोडा विचार करताच एक अडचण उभी राहिली. एच.आय.व्ही.चे नाव पत्रात लिहिणे सर्वथा अयोग्य होते. ती माहिती त्या व्यक्तीला समक्ष, एकांतात आणि समुपदेशनासह द्यावयाची असते, आणि 2017 च्या कायद्याने तिच्या गुप्ततेला आता स्पष्ट संरक्षणही मिळाले आहे. आता काविळीच्या पत्रात काविळीचे नाव घातले, उपदंशाच्या पत्रात उपदंशाचे घातले आणि फक्त एका प्रकारच्या पत्रात नाव गाळले, तर न लिहिलेले नावच सर्वांत मोठ्या अक्षरांत वाचले जाणार. शिवाय नाव कळल्याने माणूस योग्य ठिकाणी पोचतोच असेही नाही. एका दात्याला दूरध्वनीवर काविळीचे नाव सांगितले गेले होते. तो तडक गावाकडे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे गेला, त्याने डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पिवळेपणा नाही म्हणून कावीळ नाही असा निर्वाळा दिला, आणि त्या दात्याने आमच्याकडे येण्याचे रद्द केले.

यातून जो मार्ग निघाला तो असा, की पाचही तपासण्यांची नावे प्रत्येक पत्रात लिहावीत, त्यांतील एकीची पुन्हा तपासणी आवश्यक आहे एवढे स्वच्छ सांगावे, ती कोणती हे समक्ष भेटीत त्याच दिवशी सांगितले जाईल असे वचन द्यावे, आणि बाहेर कोणतीही एकच तपासणी करून घेतल्याने उत्तर मिळणार नाही हे निराळ्या वाक्यात नमूद करावे. पत्र सर्वांना सारखेच असल्यामुळे ते कोणाच्या हाती पडले तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. आणि दात्याच्या मनात एखादे नाव उगवलेच, तर शेजारी आणखी चार नावे उभी असल्यामुळे तो एकट्या त्या नावाच्या मागे धावत नाही. अर्थात हा उपाय रक्तपेढीपुरता आहे, कारण तेथे पाच तपासण्या एकदम होतात. शस्त्रक्रियेपूर्वी अथवा गरोदरपणी ज्या डॉक्टरांनी स्वतः तपासणी सांगितलेली असते आणि रुग्ण त्यांच्याच हातचा असतो, तेथे काविळीचा निष्कर्ष नाव घेऊनच कळवावा, असे माझे मत आहे.

आमच्या पत्राचा मजकूर, बऱ्याच खाडाखोडीनंतर, शेवटी पडलेली एक भर सोडता, पुढीलप्रमाणे कायम झाला.

‘स.न. वि. वि. दि. — रोजी आपण रक्तदान केलेत, त्याबद्दल आभार. दान केलेल्या प्रत्येक रक्ताची आम्ही पाच तपासण्या करतो: एच.आय.व्ही., कावीळ बी, कावीळ सी, गरमी आणि हिवताप. आपल्या रक्ताच्या पाचांपैकी एका तपासणीचा निष्कर्ष नेहमीसारखा आलेला नाही, आणि ती तपासणी नवीन नमुन्यावर पुन्हा करणे आवश्यक आहे. पहिली तपासणी मुद्दाम अतिशय संवेदनशील ठेवलेली असते, म्हणजे सदोष रक्त रुग्णाला जाऊ नये. त्यामुळे काही वेळा निर्दोष रक्तही तिच्यात अडकते. म्हणून या एका तपासणीवरून आपणास आजार आहे असे ठरत नाही, आणि नाही असेही ठरत नाही.

‘यासाठी आपण दि. — पर्यंत, खाली दिलेल्या वेळेत यावे. ही दोन आठवड्यांची मुदत आपल्या सोयीसाठी आहे. एक-दोन दिवस इकडेतिकडे झाल्याने अपाय होणार नाही, परंतु भेट टाळू नये. आल्यावर कोणती तपासणी आहे ते आपणास एकट्यास सांगण्यात येईल, आणि दंडातून थोडे रक्त घेतले जाईल. उपाशी येण्याची गरज नाही. अर्धा तास लागेल. दुसऱ्या तपासणीचा निष्कर्ष किती दिवसांत मिळेल ते त्याच वेळी सांगू. उपचार लागलेच, तर कोठे व कोणाकडे जायचे याची चिठ्ठी येथूनच मिळेल. बाहेर एखादीच तपासणी करून घेतल्यास या प्रश्नाचे उत्तर मिळेल असे नाही. तरी ती केली असल्यास कागद सोबत आणावा. गेल्या महिन्याभरात कावीळ बी ची लस घेतली असल्यास तेही सांगावे.

‘तोपर्यंत रक्तदान करू नये, दाढीचे पाते व दात घासण्याचा ब्रश दुसऱ्यास देऊ नये, आणि पती-पत्नींनी निरोध वापरावा. एकत्र जेवणे, राहणे, मुलांना जवळ घेणे, कामावर जाणे हे सर्व नेहमीप्रमाणे चालू ठेवावे.’

या मजकुरातील काही वाक्यांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ‘घाबरण्याचे कारण नाही’ हे वाक्य आमच्या पहिल्या मसुद्यात होते आणि ते आम्ही काढून टाकले. घाबरण्याचे कारण आहे की नाही हे पत्र लिहिणाऱ्याला त्या दिवशी ठाऊक नसते, आणि दुसरी तपासणीही तशीच आली तर त्या माणसाला पहिल्या दिवसापासून आपल्याशी खोटे बोलले गेले असे वाटते, व पुढे औषध आणि नियमित तपासण्यांसाठी ज्या माणसांवर त्याने विश्वास ठेवायचा त्यांच्यावरचाच त्याचा विश्वास उडतो. त्याच्या जागी पहिली तपासणी संवेदनशील का ठेवलेली असते हे कारण दिले. कारण समजले की मन आपोआप काहीसे स्थिर होते. शिवाय ते कारण खरे आहे, आणि दुसऱ्या तपासणीनंतरही खरेच राहते. ‘आजार आहे असे ठरत नाही, आणि नाही असेही ठरत नाही’ या वाक्याचा दुसरा अर्धा भाग काहींना निष्ठुर वाटला. परंतु केवळ पहिला अर्धा ठेवला असता तर तो फिटर जसा स्वस्थ झाला तसे आणखी कित्येक स्वस्थ झाले असते.

लसीचे वाक्य लहान असले तरी निरुपयोगी नाही. कावीळ ‘बी’ ची तपासणी विषाणूच्या बाह्य आवरणातील जे प्रथिन शोधते, तेच प्रथिन लसीत असते, त्यामुळे नुकतीच लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात ते काही दिवस आढळू शकते आणि संसर्ग नसतानाही तपासणी सदोष येते.

निरोधाच्या वाक्यावर आमच्या रक्तपेढीत पुष्कळ चर्चा झाली. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की ते वाक्य वाचताच माणूस सर्वांत वाईट शंका घेईल आणि घरात कलह माजेल. ते समक्ष भेटीत सांगावे. त्यांची भीती अनाठायी नव्हती. परंतु जो भेटीला येतच नाही त्याला ते कधी सांगायचे, या माझ्या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि ते वाक्य राहिले. मात्र ते एकटे न ठेवता पाते आणि ब्रश यांच्या रांगेत बसवले, आणि त्याच्या पाठोपाठ काय काय नेहमीप्रमाणे चालू ठेवायचे याची यादी दिली. ही यादी मला निषेधाइतकीच आवश्यक वाटते. एका घरात दात्याचे ताट-वाटी निराळे करून त्याला पडवीत झोपायला लावल्याचे मी पाहिले आहे, आणि तेही अशा रोगाच्या संशयावरून, जो एका ताटात जेवल्याने कधीही पसरत नाही.

पत्राइतकाच लखोट्याचाही विचार करावा लागतो. पोस्टकार्ड कधीही पाठवू नये. लखोट्यावर दात्याचे पूर्ण नाव, त्याच्या बाजूला ‘व्यक्तिगत’ एवढाच शब्द, आणि पाठवणाऱ्याच्या जागी रक्तपेढीचा पत्ता असावा. रक्तपेढीचे नाव लपवण्याची गरज नाही, कारण दात्यांना तिच्याकडून आभारपत्रे आणि शिबिरांची निमंत्रणेही जातात. ‘तातडीचे’ असा तांबडा शिक्का मात्र घरातील प्रत्येकाला लखोटा फोडण्याचा परवाना देतो. तरीही तो दुसऱ्या कोणीतरी फोडणार, वाचून दाखवणार, किंवा दात्याला वाचता येत नसल्यामुळे शेजारच्या मुलाला वाचायला बोलावणार, हे गृहीतच धरावे, आणि मजकूर असा असावा की तो मोठ्याने वाचला तरी वाचणाऱ्याला दात्याविषयी निश्चित असे काही हाती लागू नये. रक्तदानाच्या वेळी भरून घेतलेल्या अर्जात निष्कर्ष कळवण्यास दात्याची संमती घेतलेली असते. त्याच अर्जावर आम्ही पुढे कसा निरोप द्यावा हेही विचारू लागलो, आणि ज्यांनी दूरध्वनी पसंत केला त्यांना पत्र न पाठवता दूरध्वनीवर, स्वतः तोच मनुष्य बोलत आहे याची खात्री करून, हाच मजकूर सांगितला.

येणाऱ्या माणसाच्या पुढच्या प्रवासाविषयी पत्रात जेवढे कमी लिहिले तेवढे बरे, परंतु लिहिणाऱ्याला मात्र तो प्रवास पूर्ण ठाऊक असला पाहिजे. दुसऱ्या नमुन्यातही कावीळ ‘बी’ आढळली, तर त्या माणसाला जिल्हा रुग्णालयात पाठवायचे असते, जेथे 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तपासण्या आणि औषधे विनामूल्य मिळतात. तेथे यकृताच्या तपासण्या होतात, रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजले जाते, पोटाची सोनोग्राफी होते. आणि सहा महिने उलटूनही विषाणू रक्तात राहिलाच, तर तो दीर्घकालीन संसर्ग समजतात. त्यांतल्याही पुष्कळांना लगेच औषध लागत नाही, फक्त ठरावीक काळाने तपासणी आणि मद्यापासून दूर राहणे एवढेच पाळावे लागते. घरातील मंडळींची एकेकदा तपासणी करून जे निर्दोष असतील त्यांना लस देतात. हे सर्व पत्रात कोंबले असते तर ज्याची दुसरी तपासणी निर्दोष येणार त्या माणसाच्याही डोक्यात यकृत आणि सोनोग्राफी जाऊन बसली असती.

नेमलेल्या तारखेपर्यंत जो आला नाही, त्याला आम्ही पंधरा दिवसांनी तोच मजकूर, फक्त नवी तारीख घालून, पुन्हा पाठवत असू. दुसरे पत्र पहिल्याहून कठोर करण्याचा मोह प्रत्येक कचेरीला होतो, परंतु जो भीतीने आला नाही तो अधिक भीतीने येणार नाही. जावक नोंदवहीत ही पत्रे इतर आभारपत्रांच्याच क्रमात नोंदली जात, कारण स्वतंत्र वही ठेवली की तिचे नाव हळूहळू कारकुनांच्या बोलण्यात येते. आणि पत्राखाली ‘वैद्यकीय अधिकारी’ एवढे छापण्याऐवजी प्रत्यक्ष कोणाला भेटायचे त्या व्यक्तीचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि तो उचलण्याची वेळ लिहिली जाई. त्या वेळेत दुसऱ्या कोणी दूरध्वनी घेतला तरी ‘मॅडम जेवायला गेल्यात, नंतर करा’ म्हणण्याऐवजी दात्याचा क्रमांक विचारून घ्यायचा, हे सर्वांना बजावलेले होते.

मसुदा छापायला देण्यापूर्वी मी तो आमच्या शिपायांना, काही न सांगता, वाचायला दिला, आणि असे पत्र तुमच्या घरी आले तर तुम्ही काय कराल असे विचारले. त्यांनी तो सावकाश, बोट फिरवत वाचला. “जाईन की,” ते म्हणाले, “पण पैसे किती लागतील ते नाही लिहिलं. आणि रोजावर जाणारा माणूस दुपारी कसा येणार? त्याचा खाडा पडतो.” म्हणून पत्रात ‘या तपासणीसाठी काहीही पैसे पडणार नाहीत’ हे वाक्य वाढवले, आणि वेळेच्या ओळीत रविवारची सकाळ, नऊ ते अकरा, घातली, आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आणि मी ती पाळीपाळीने सांभाळायची असे ठरले, आणि पुढे आमच्याकडे येणाऱ्यांतले पुष्कळजण याच वेळी येऊ लागले.